एक प्रोसेसर, अनेक प्रोग्रॅम: शेड्युलिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरला संध्याकाळच्या बॅचला मी ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय शिकवतो. मुलं दिवसभर नोकरी करून, लोकलमधून उभ्याने प्रवास करून येतात आणि तरीही नेमके प्रश्न विचारतात. दरवर्षी त्यातले बरेचसे तेच असतात, म्हणून त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत. उदाहरणं लिनक्सची घेतली आहेत, कारण त्याचं काम उघडून बघता येतं. आमच्या लॅबमध्ये व्हर्च्युअल मशीनला मुद्दाम एकच कोर दिलेला असतो. घरी करून बघणार असाल तर तुम्हीही एकच द्या. एका कोरवर जे स्पष्ट दिसतं ते आठ कोरवर लपून जातं.

एकच कोर असेल तर ब्राउझर, गाणी आणि एडिटर एकाच वेळी कसे चालतात?

एकाच वेळी चालत नाहीत. कुठलाही क्षण पकडा, त्या क्षणी कोरवर एकाच प्रोग्रॅमच्या सूचना चालू असतात. काही मिलिसेकंदांनी तो बाजूला होतो आणि दुसरा येतो. आपल्या डोळ्यांना आणि कानांना एवढं बारीक अंतर कळत नाही.

पण याहून महत्त्वाची गोष्ट अशी की बहुतेक प्रोग्रॅमना बहुतेक वेळ प्रोसेसर नकोच असतो. ही कमांड चालवून बघा:

```
ps -eo pid,ni,stat,comm
```

`STAT` या रकान्यात बहुतेक ओळींपुढे `S` किंवा `I` दिसेल. `S` म्हणजे प्रोसेस झोपली आहे, कशाची तरी वाट बघते आहे: की दाबली जाण्याची, नेटवर्कवरून काही येण्याची, ठरलेली वेळ होण्याची. `I` म्हणजे कर्नलचाच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचाच, एखादा रिकामा बसलेला धागा. `R` असलेल्या, म्हणजे आत्ता चालू असलेल्या किंवा चालायला तयार असलेल्या प्रोसेस एखाद-दोनच असतात. शेड्युलरला, म्हणजे पुढची पाळी कोणाची हे ठरवणाऱ्या कर्नलच्या भागाला, वाटणी करायची असते ती फक्त या `R` वाल्यांमध्ये. दीडशे प्रोसेस बघून घाबरायचं कारण नाही.

एखाद्या प्रोग्रॅमने प्रोसेसर सोडलाच नाही तर?

त्याला विचारतं कोण! हार्डवेअरमध्ये एक टायमर असतो. तो ठरावीक अंतराने इंटरप्ट देतो आणि इंटरप्ट आला की प्रोसेसर हातातलं काम थांबवून कर्नलच्या कोडमध्ये उडी घेतो. प्रोग्रॅमची परवानगी लागत नाही आणि त्याला ते कळतही नाही. लिनक्स कर्नल बांधताना हा ठोका सेकंदाला १००, २५०, ३०० किंवा १००० वेळा असा ठरवता येतो. २५० असेल तर दर ४ मिलिसेकंदांनी कर्नलच्या हाती कारभार येतो आणि तो ठरवतो की याला चालू द्यायचं की बाजूला करायचं.

हे नेहमीच असं नव्हतं. विंडोज ३.१ मध्ये आणि मॅक ओएस दहाच्या आधीच्या मॅकवर प्रोग्रॅमने आपणहून प्रोसेसर सोडायचा असा शिरस्ता होता. एखादा प्रोग्रॅम लूपमध्ये अडकला की बाकीचे सगळे गोठून जायचे.

आधी आला त्याचं काम आधी, हा साधा नियम का चालत नाही?

माझं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं. मजल्यावर एक नळ, पाणी तासभर. पुढे उभ्या असलेल्या माणसाने दोनशे लिटरचं पिंप लावलं की मागे तांब्या घेऊन उभं असलेलं पोरही तेवढाच वेळ ताटकळायचं. पहिल्याला पहिलं देणाऱ्या शेड्युलिंगचा दोष नेमका हाच आहे.

आकड्यांत बघू. तीन कामं लागोपाठ आली: पहिल्याला ६० सेकंद लागतात, उरलेल्या दोघांना २-२ सेकंद. आलेल्या क्रमाने केली तर पहिलं ० सेकंद थांबतं, दुसरं ६०, तिसरं ६२. सरासरी जवळजवळ ४१ सेकंद. छोटी आधी केली तर थांबणं ०, २ आणि ४ सेकंद, सरासरी २. एकूण काम तेवढंच, ६४ सेकंदांचं. फक्त क्रम बदलला.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला, तेव्हा कामं कार्डांच्या गठ्ठ्यांनी द्यायची पद्धत होती. गठ्ठा दिला की निकाल छापून येईपर्यंत थांबायचं. समोर बसून टाइप करणारा माणूसच नसल्यामुळे ते चालून जायचं. ‘छोटं आधी’ हा नियम मात्र प्रत्यक्षात पूर्ण पाळता येत नाही, कारण कुठलं काम किती वेळ घेणार हे ते आल्या आल्या सांगता येत नाही. ब्राउझर उघडताना तो किती वेळ प्रोसेसर वापरेल ते त्यालाही माहीत नसतं. मग उपाय एकच: सगळ्यांना थोडं थोडं द्या. पिंपवाल्याला एक बादली भरू द्या, मग तो रांगेत मागे जाईल.

हे ‘थोडं’ म्हणजे किती? तुकडा जितका लहान तितकं बरं, नाही का?

नाही. प्रोग्रॅम बदलायला खर्च येतो. जुन्याचे रजिस्टर जपून ठेवायचे, नव्याचे भरायचे, मेमरीचा नकाशा बदलायचा. याला कॉन्टेक्स्ट स्विच म्हणतात. समजा एका बदलाला ५ मायक्रोसेकंद लागले. तुकडा ५ मिलिसेकंदांचा असेल तर बदलण्यात हजारातला एक भाग जातो, म्हणजे ०.१ टक्का. तोच तुकडा ५० मायक्रोसेकंदांचा केला तर दर ५५ मधले ५, म्हणजे ९ टक्के प्रोसेसर नुसत्या अदलाबदलीत संपतो.

आणि हा झाला मोजता येणारा खर्च. न दिसणारा खर्च कॅशचा, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीचा, असतो. एखादा प्रोग्रॅम चालत असताना त्याचा डेटा कॅशमध्ये जमत जातो. दुसरा आला की तो स्वतःचा डेटा भरतो आणि पहिल्याचा बाहेर ढकलला जातो. पहिला परत आला की त्याला सगळं पुन्हा मेमरीतून आणावं लागतं. तो ‘चालू’ दिसतो, पण सुरुवातीला रखडत चालतो. मुलं हा खर्च हमखास विसरतात.

उलट बाजूला तुकडा १०० मिलिसेकंदांचा ठेवला आणि सतत गणित करणारे तीन प्रोग्रॅम रांगेत असले, तर एडिटरला पाळी यायला ३०० मिलिसेकंद लागू शकतात. की दाबल्यावर अक्षर उमटायला एवढा वेळ गेला तर टाइप करणारा माणूस वैतागतो. मराठीत तर ‘ष्ट्य’सारखं जोडाक्षर चार-पाच की दाबून बनतं, त्यामुळे हा उशीर फारच बोचतो.

लिनक्सचा शेड्युलर ‘न्याय्य’ आहे म्हणतात. म्हणजे नेमकं काय?

इथे थोडं थांबून समजून घ्या, पुढचं सगळं यावर उभं आहे.

इंगो मोल्नार यांनी लिहिलेला सीएफएस, म्हणजे ‘कम्प्लीटली फेअर शेड्युलर’, २००७ साली लिनक्सच्या २.६.२३ या आवृत्तीत आला. त्याची कल्पना अशी: प्रत्येक प्रोसेसच्या नावावर एक हिशोब ठेवायचा, तिने आतापर्यंत किती प्रोसेसर वापरला. या आकड्याला `vruntime` म्हणतात. पुढची पाळी कोणाची? ज्याचा आकडा सगळ्यात लहान, म्हणजे ज्याला आतापर्यंत सगळ्यात कमी मिळालं, त्याची. तयार असलेल्या प्रोसेस या आकड्याच्या क्रमाने एका झाडासारख्या रचनेत लावलेल्या असतात आणि सगळ्यात डावीकडची उचलायची असते.

आता एक प्रसंग घेऊ. एका कोरच्या मशीनवर व्हिडिओचं रूपांतर चालू आहे आणि तुम्ही पत्र टाइप करत आहात. तुम्ही सेकंदाला पाच की दाबता आणि प्रत्येक कीमागे एडिटरला १ मिलिसेकंद लागतो असं धरा. म्हणजे एडिटरची गरज सेकंदाला ५ मिलिसेकंद, अर्धा टक्का. उरलेला साडेनव्व्याण्णव टक्के वेळ व्हिडिओवाला घेतो.

‘मग हा न्याय कसला? अर्धा-अर्धा हवा ना?’ हे मला प्रत्येक बॅचमध्ये ऐकायला मिळतं. एडिटरला त्याचा अर्धा वाटा मिळू शकतो, पण तो मागतच नाही. त्याने न घेतलेला वाटा वाया न घालवता दुसऱ्याला दिला जातो. न्याय दिसतो तो एडिटर जागा होतो त्या क्षणी. तुम्ही की दाबलीत, कीबोर्डचा इंटरप्ट आला, एडिटर ‘तयार’ झाला. त्याचा `vruntime` व्हिडिओवाल्यापेक्षा कमी आहे. कर्नल व्हिडिओवाल्याला तिथल्या तिथे बाजूला करतो, एडिटरला १ मिलिसेकंद देतो, अक्षर उमटतं, एडिटर पुन्हा झोपतो. नळावर पिंप भरत असताना तांब्यावाल्याला मध्येच भरू देण्यासारखंच हे, आणि पिंपवाल्याला त्यामुळे जवळपास काहीच फरक पडत नाही.

एक पळवाट मात्र बुजवावी लागते. एखादी प्रोसेस तासभर झोपली तर तिचा आकडा तासभर मागे राहील. उठल्यावर ती ‘माझं राहिलेलं द्या’ म्हणत बाकीच्यांना तासभर उपाशी ठेवू शकेल. म्हणून झोपेतून उठणाऱ्या प्रोसेसचा आकडा चालू असलेल्यांच्या जवळ आणून ठेवला जातो. तिला थोडीच सवलत मिळते, काही मिलिसेकंदांची. साठवलेली झोप वटवता येत नाही.

२०२३ सालच्या ६.६ या आवृत्तीपासून सीएफएसची जागा ईईव्हीडीएफ या शेड्युलरने घेतली आहे. त्यातही वाटा मोजायची पद्धत तीच आहे. फरक निवडीत आहे: ज्यांना त्यांच्या हक्कापेक्षा कमी मिळालं आहे त्यांच्यामधून, ज्याची मुदत सगळ्यात आधी संपते त्याला उचललं जातं. लहान तुकडा मागणाऱ्याची मुदत लवकरची लागते, म्हणून त्याची पाळी लवकर येते, पण एकूण वाटा वाढत नाही. लवकर मिळणं आणि जास्त मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यात फार सुंदर वेगळं केलं आहे.

`nice` दिल्यावर नेमकं काय बदलतं?

हिशोबाचा वेग बदलतो. `nice` चा आकडा -२० ते १९ असतो. आकडा जितका मोठा तितकी प्रोसेस सौजन्याने वागते, दुसऱ्याला पुढे जाऊ देते. प्रत्येक आकड्याला कर्नलमध्ये एक वजन ठरलेलं आहे: ० ला १०२४, ५ ला ३३५, १० ला ११०, १९ ला फक्त १५. वजन कमी असेल तर `vruntime` भराभर वाढतो. `nice` ५ असलेली प्रोसेस खरा १ मिलिसेकंद चालली तर तिच्या खात्यावर सुमारे ३ मिलिसेकंद मांडले जातात, कारण १०२४ भागिले ३३५ म्हणजे ३ च्या थोडं वर. साहजिकच तिची पाळी कमी वेळा येते.

करून बघा. दोन्ही लूप एकाच टर्मिनलमधून सुरू करा:

```
taskset -c 0 sh -c 'while :; do :; done' &
taskset -c 0 nice -n 5 sh -c 'while :; do :; done' &
top
```

`taskset -c 0` मुळे दोघंही एकाच कोरला बांधले जातात. काही सेकंदांनी `top` मध्ये `%CPU` बघा. पहिला ७५ च्या आसपास, दुसरा २५ च्या आसपास. गणितही तेच सांगतं: १०२४ भागिले १३५९ म्हणजे ०.७५. दुसऱ्याला `nice -n 19` दिलंत तर पहिला ९८ च्या वर जाईल. तरीही दुसरा शून्यावर जात नाही, त्याला थोडं थोडं मिळत राहतं.

गेल्या वर्षी एका मुलीने झेडशेलमध्ये हाच प्रयोग केला. तिच्या `NI` रकान्यात ० आणि ५ च्या जागी ५ आणि १० दिसत होते, पण वाटणी मात्र ७५-२५ च होती. ती गोंधळून गेली होती. झेडशेल पार्श्वभूमीत टाकलेल्या कामांचा `nice` आपणहून ५ ने वाढवतो, त्यामुळे दोन्ही आकडे सरकले. पण ३३५ आणि ११० यांचं प्रमाणही १०२४ आणि ३३५ इतकंच आहे. वजनं अशीच ठरवली आहेत की एकेका पायरीला साधारण सव्वापट फरक पडावा. म्हणजे आकडा नव्हे, दोघांमधलं अंतर महत्त्वाचं. तिच्या गोंधळामुळे त्या दिवशी सगळ्या वर्गाला हे कळलं.

मी `nice -n 19` दिलं, तरी वाटणी ५०-५० च आहे! कुठे चुकलं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. कारणं तीन असू शकतात, याच क्रमाने तपासा.

पहिलं, कोर एकापेक्षा जास्त आहेत आणि `taskset` दिलेलं नाही. तेव्हा दोघांनाही स्वतंत्र कोर मिळतो आणि दोन्हीपुढे १०० दिसतं. भांडणच नाही, तर वाटणी कसली? `nproc` चालवून खात्री करा.

दुसरं कारण चकवणारं आहे. दोन लूप तुम्ही दोन वेगळ्या टर्मिनलमध्ये सुरू केलेत. २०११ पासून लिनक्समध्ये ऑटोग्रुप नावाची सोय आहे. एका सेशनमधून सुरू झालेल्या सगळ्या प्रोसेस एका गटात जातात. शेड्युलर आधी गटांमध्ये वाटणी करतो आणि मग गटाच्या आत. प्रत्येक टर्मिनलचं सेशन वेगळं, म्हणून गटही वेगळा. दोन गट, दोघांना निम्मं निम्मं. तुमचा `nice` फक्त गटाच्या आत लागू होतो, आणि गटात तर ती एकटीच प्रोसेस आहे!

ही सोय वाईट नाही. एका टर्मिनलमध्ये वीस प्रोसेसचं कंपाइलिंग चालू असेल तर ऑटोग्रुप नसताना दुसऱ्या टर्मिनलमधल्या एका प्रोग्रॅमच्या वाट्याला एकविसावा भाग येईल. ऑटोग्रुप असताना निम्मा मिळतो. सोय चालू आहे का ते असं बघा:

```
cat /proc/sys/kernel/sched_autogroup_enabled
cat /proc/self/autogroup
```

पहिल्या कमांडला `1` आलं तर ती चालू आहे. दुसरी कमांड तुमच्या शेलच्या गटाचं नाव आणि त्या पूर्ण गटाचा `nice` दाखवते. प्रयोगापुरता उपाय सोपा आहे: दोन्ही लूप एकाच टर्मिनलमधून सुरू करा.

तिसरं, प्रोसेस वेगवेगळ्या सीग्रुपमध्ये, म्हणजे प्रोसेसर-मेमरीच्या वाटणीसाठी केलेल्या गटांमध्ये, असतील तर तिथेही असंच होतं. सर्व्हरवर दोन वेगळ्या सर्व्हिसेसमध्ये `nice` ने समतोल साधायला जाल तर फसाल. तिथे सीग्रुपचं `cpu.weight` बदलावं लागतं.

मग सगळ्यात महत्त्वाच्या प्रोग्रॅमला सगळ्यात वरचा अग्रक्रम देऊन टाकू का?

`nice` चे वजा आकडे देऊन बघायला हरकत नाही, त्याला रूटचे अधिकार लागतात. पण `SCHED_FIFO` सारख्या रिअल-टाइम वर्गात टाकताना जपा. त्या वर्गातली प्रोसेस तयार असेपर्यंत साध्या वर्गातल्या कोणालाही पाळी मिळत नाही. तिच्यात लूप अडकला तर एका कोरचं मशीन हातातून जातं. नेहमीच्या सेटिंगमध्ये कर्नल अशा प्रोसेसना दर सेकंदातले ०.९५ सेकंदच देतो आणि ०.०५ सेकंद इतरांसाठी राखतो. तेवढ्या फटीतून कसंबसं `kill` टाइप करता येतं.

मशीन रखडतंय. दोष शेड्युलिंगचा आहे हे कसं ओळखायचं?

`vmstat 1` चालवा. पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. मग `r` बघा, म्हणजे चालायला तयार असलेल्यांची संख्या. एका कोरवर `r` सतत ४-५ असेल आणि `id`, म्हणजे प्रोसेसरचा रिकामा वेळ, शून्य असेल तर खरोखरच प्रोसेसरसाठी रांग लागली आहे.

आमच्या एका विद्यार्थ्याची तक्रार होती की टाइप करताना अक्षरं अडकतात, आणि तो तासभर `renice` करत बसला होता. त्याच्या मशीनवर `r` होता ०-१, पण डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ दाखवणारा `wa` ऐंशीच्या घरात आणि मेमरी व डिस्कमधली ने-आण दाखवणारे `si`, `so` सतत हलत होते. व्हर्च्युअल मशीनला १ जीबीच मेमरी दिलेली होती. एडिटरच्या मेमरीची पानं डिस्कवर जात होती आणि तिथून परत येत होती. एडिटर प्रोसेसरच्या रांगेत नव्हताच, डिस्कची वाट बघत झोपला होता, आणि झोपलेल्याला अग्रक्रम देऊन काय उपयोग? मेमरी २ जीबी केल्यावर प्रश्न मिटला. लोड ॲव्हरेजनेही तो फसला होता, कारण लिनक्समध्ये त्या आकड्यात डिस्कसाठी अडकलेल्या `D` अवस्थेतल्या प्रोसेसही धरल्या जातात.

भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर `st` हा रकानाही बघा. तो वाढलेला असेल तर तुमचा कोर खालच्या यंत्रणेने दुसऱ्या भाडेकरूला दिला आहे. तुमच्या कर्नलच्या हातात त्यावर काहीच नाही.

एका विशिष्ट प्रोसेसबद्दल शंका असेल तर तिचा पीआयडी घालून हे बघा, इथे तो 1234 धरला आहे:

```
grep ctxt /proc/1234/status
```

`voluntary_ctxt_switches` म्हणजे ती आपणहून किती वेळा झोपली. `nonvoluntary_ctxt_switches` म्हणजे तिला अजून चालायचं असताना किती वेळा बाजूला केलं. थोडा वेळ सोडून कमांड पुन्हा चालवा. दुसरा आकडा झपाट्याने वाढत असेल तर तिला प्रोसेसर हवा आहे आणि इतर कोणी तरी तो मागतं आहे. एडिटरमध्ये पहिला आकडा फुगलेला दिसेल, लूपमध्ये दुसरा.

प्रयोग झाल्यावर ते लूप बंद कसे करायचे?

`top` मधून `q` दाबून बाहेर या आणि ज्या टर्मिनलमधून सुरू केले होते तिथेच हे टाइप करा:

```
kill %1 %2
```

टर्मिनलची खिडकी नुसती बंद करून उठू नका. शेलच्या सेटिंगप्रमाणे लूप मागे चालूच राहू शकतात, आणि पुढच्या बॅचच्या मुलांना तुमच्या लूपबरोबर प्रोसेसर वाटून घ्यावा लागतो.